परदेश सहलीचे अंदाजपत्रक आणि चुकलेली काटकसर

परदेश सहलीच्या खर्चाविषयी मराठी मध्यमवर्गात एक सूत्र रूढ झाले आहे. विमानाचे तिकीट आणि हॉटेल यांची बेरीज करावी, त्यावर दहा-पंधरा टक्के वरखर्च धरावा, आणि उरलेली सगळी हुशारी ‘कोणते कार्ड न्यावे’ या प्रश्नावर खर्च करावी, असे ते सूत्र आहे. सहल विकणारे हेच सांगतात, कार्ड विकणाऱ्या बँका तर हेच सांगणार, आणि नुकतेच युरोप पाहून आलेले नातेवाईकही चहाच्या टेबलावर हेच ऐकवतात. कार्डावरील शुल्क हे परदेशातील मोठे गळतीचे ठिकाण आहे आणि व्हिसा, विमा या कागदपत्रांच्या औपचारिकता आहेत, अशी या सूत्रामागची समजूत आहे. निदान युरोपच्या सहलीपुरती तरी ही समजूत उलटी आहे, आणि ती उलटी असल्यामुळेच अनेक कुटुंबे दोन-तीन हजार रुपये वाचवण्यात महिनाभर घालवतात व दोन-अडीच लाख रुपये मात्र कोणतीही शंका न घेता धोक्यात टाकतात.

हे पडताळण्यासाठी एक उदाहरण कल्पावे. कोल्हापूरचे पन्नाशीतले जोडपे, पाच रात्री पॅरिस आणि चार रात्री रोम, एकूण दहा दिवस. युरोचा बाजारभाव गणिताच्या सोयीसाठी 100 रुपये धरू. विमानाची जाण्यायेण्याची तिकिटे दोघांची मिळून 1,30,000 रुपये, हॉटेल रात्रीला 120 युरो म्हणजे 1,08,000 रुपये, पॅरिस ते रोम हा मधला प्रवास 20,000 रुपये. खाणे, शहरातील प्रवास आणि प्रवेशतिकिटे यांसाठी माणशी दिवसाला 70 युरो, म्हणजे दोघांचे 1,400 युरो. हे आकडे प्रत्येकाच्या सवयीनुसार वरखाली होतील, परंतु त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण फारसे बदलत नाही, आणि येथे मुद्दा प्रमाणाचाच आहे.

ज्या कार्डाबद्दल सर्वाधिक बोलले जाते, त्याचा हिशेब आधी करू. साध्या क्रेडिट कार्डाने परदेशात पैसे दिले की बँक चलनबदलासाठी एक अधिभार लावते, ज्याला व्यवहारात ‘मार्कअप’ म्हणतात. तो बहुधा साडेतीन टक्के असतो आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागून एकूण भार 4.13 टक्के होतो. वरील 1,400 युरोंवर हा भार 5,782 रुपये येतो. याला पर्याय म्हणून फॉरेक्स कार्ड सुचवले जाते, म्हणजे असे कार्ड की ज्यात निघण्यापूर्वीच रुपये देऊन युरो भरून ठेवायचे असतात. त्यावर मार्कअप नाही अशी जाहिरात असते आणि शब्दशः ती खरीही असते, कारण मार्कअप युरो भरतानाच्या दरात आधीच मिसळलेला असतो. बाजारात 100 रुपयांना असलेला युरो कार्डात भरताना 101.50 रुपयांना दिला गेला, तर दीड टक्का तेथेच गेला, फक्त तो ‘शुल्क’ या नावाने पावतीवर दिसला नाही.

समजा या जोडप्याने हाताशी असावेत म्हणून 1,600 युरो भरले. दरातील फरकापोटी 2,400 रुपये गेले. चलनखरेदीवरील जीएसटी हा पूर्ण रकमेवर नसून नियमाने ठरलेल्या एका लहान मूल्यावर आकारला जातो: पहिल्या एक लाखावर एक टक्का आणि त्यापुढे दहा लाखांपर्यंत अर्धा टक्का हे ते मूल्य, आणि त्याच्या 18 टक्के हा कर. तो येथे सुमारे 236 रुपये होतो, म्हणजे नगण्य आहे. कार्ड काढण्याचे शुल्क करासह साडेतीनशेच्या घरात धरले, दोनदा एटीएममधून रोख काढली तर दर खेपेस दोन युरोंच्या हिशेबाने 400 रुपये झाले, आणि परतल्यावर उरलेले 200 युरो बँकेला विकताना तिने बाजारापेक्षा दोन टक्के कमी दर दिला तर आणखी 400 रुपये गेले. बेरीज सुमारे 3,800 रुपये होते. ज्या कार्डांवर खरोखरच मार्कअप नसतो, त्यांचा दर व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांच्या जाळ्याचा म्हणजे बाजारभावाला लागून असतो, तेथे हाच भार काहीशे रुपयांवर येतो. सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत स्वस्त मार्गांत दहा दिवसांच्या रोजच्या खर्चावर पडणारा फरक असा पाच हजारांच्या आसपास आहे. साडेचार लाखांच्या सहलीत ही रक्कम एक टक्क्याच्या थोडी पुढे जाते.

कार्डाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा याला प्रतिप्रश्न ठरलेला असतो: पाच हजार तरी का सोडावेत? सोडू नयेतच. परंतु ते वाचवण्याची खरी जागा कार्ड निवडण्यात जितकी आहे, त्याहून अधिक ती दुकानातील यंत्रासमोर आहे. पॅरिसच्या हॉटेलात बिल देताना यंत्राच्या पडद्यावर दोन चौकटी येतात, एकीत युरोंची रक्कम आणि दुसरीत रुपयांची. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, काउंटरवरचा माणूसही कित्येकदा तीच चौकट पुढे करतो, आणि दमलेला प्रवासी तिच्यावर बोट ठेवतो. त्या क्षणी चलनबदल त्याच्या बँकेऐवजी त्या हॉटेलाची यंत्रसेवा पुरवणारी कंपनी करते, स्वतः ठरवलेल्या दराने, आणि तो दर बाजारापेक्षा पाच-सहा टक्के चढा असणे ही नेहमीची गोष्ट आहे. 660 युरोंच्या बिलावर सहा टक्के म्हणजे 3,960 रुपये. शिवाय परदेशातील व्यापाऱ्याने रुपयांत आकारलेल्या रकमेवर अनेक भारतीय बँका एक टक्का व त्यावर जीएसटी असे वेगळे शुल्क घेतात, ते आणखी 825 रुपये. मार्कअप नसलेले कार्ड खिशात असूनही पावणेपाच हजार रुपये एका बोटाने गेले, म्हणजे ते कार्ड शोधण्यासाठी केलेली सगळी धडपड वाया गेली. फॉरेक्स कार्डावर तर हा घोळ अधिक वाईट होतो, कारण त्यात युरो भरलेले असताना व्यवहार रुपयांत झाला की ‘क्रॉस करन्सी’ नावाचे वेगळे शुल्क लागू होऊ शकते. पावतीवर युरोंऐवजी रुपयांचा आकडा व विनिमयदर छापलेला दिसला, की हे घडले असे ओळखावे, आणि सही करण्यापूर्वी तो व्यवहार रद्द करून पुन्हा युरोंत करायला सांगावे. तसा हक्क ग्राहकाला आहे.

आता त्या बाबीकडे यावे जिला रूढ सूत्र ‘औपचारिकता’ म्हणते. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील 29 देशांत एकाच परवान्यावर फिरू देणारा अल्पमुदतीचा व्हिसा, याचे शुल्क 11 जून 2024 पासून प्रौढांसाठी 90 युरो आणि सहा ते बारा वर्षांखालील मुलांसाठी 45 युरो आहे. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क त्यावर वेगळे. दोघांचे मिळून हे बावीस-तेवीस हजारांच्या घरात जाते, शिवाय बोटांचे ठसे देण्यासाठी कोल्हापूरहून पुण्याला किंवा मुंबईला जाण्याचा खर्च आहेच (ठसे एकदा दिले की ते 59 महिने पुन्हा वापरता येतात, त्यामुळे दुसऱ्या खेपेस ही फेरी टळू शकते). एवढ्यावर अंदाजपत्रक थांबते आणि येथेच ते फसते. कारण व्हिसाची खरी किंमत त्याच्या शुल्कात नाही, तो नाकारला जाण्याच्या शक्यतेत आहे, आणि ती शक्यता कोणत्याही सहलीच्या तक्त्यात एका ओळीनेही मांडलेली नसते.

2024 मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी 11 लाखांहून अधिक अर्ज झाले आणि त्यांपैकी सुमारे 1.65 लाख नाकारले गेले, म्हणजे जवळपास 15 टक्के. नकार आला तर शुल्क परत मिळत नाही, आणि नव्याने अर्ज करायचा तर ते पूर्ण पुन्हा भरावे लागते. परंतु 180 युरो ही त्यातली लहान रक्कम झाली. या जोडप्याने ‘आता स्वस्त आहे’ म्हणून परतावा नसलेली विमानाची तिकिटे, परतावा नसलेले हॉटेल आणि मधला प्रवास असे सगळे आधीच घेऊन ठेवले असेल, तर 2,58,000 रुपये एका निर्णयावर टांगलेले असतात. सरासरी 15 टक्के धोका धरला तर त्याची अपेक्षित किंमत 38,700 रुपये होते, म्हणजे कार्डातील सगळ्या फरकाच्या सातपटीहून जास्त. ज्यांच्या पारपत्रावर आधीचे व्हिसे आहेत, उत्पन्नाचे कागद स्वच्छ आहेत, त्यांच्यासाठी धोका सरासरीपेक्षा कमी असतो हे मान्य करायला हवे. पण तो पाच टक्के धरला तरी अपेक्षित नुकसान तेरा हजारांच्या घरात जाते, आणि प्रत्यक्षात नुकसान कधीच तेरा हजारांचे होत नाही. ते शून्य तरी असते किंवा अडीच लाखांचे तरी. सरासरीचे गणित हजारो अर्जदारांना लागू पडते. एका घरावर पूर्ण रक्कम कोसळते.

यावर सांगितला जाणारा उपाय असा की तिकीट पक्के असले तर व्हिसा मिळण्याची शक्यता वाढते, म्हणून पैसे भरलेले तिकीटच जोडावे. याला युरोपीय व्हिसा संहितेचा आधार नाही. परत जाण्याचा इरादा दाखवण्यासाठी परतीच्या तिकिटाचे आरक्षण हा कागद संहितेच्या यादीत चालतो. पूर्ण पैसे भरून घेतलेले, परतावा नसलेले तिकीट तेथे सक्तीचे नाही. अर्थात ज्या देशाकडे अर्ज करायचा त्याची कागदांची यादी वाचणे आवश्यकच आहे, आणि आरक्षण याचा अर्थ ‘डमी तिकीट’ या नावाने विकला जाणारा बनावट कागद असा मुळीच नाही. विमान कंपनीच्या प्रणालीत शोधला की सापडणारे, काही दिवस राखून ठेवलेले किंवा रद्द करता येणारे आरक्षण वेगळे, आणि संगणकावर जुळवलेला कागद वेगळा. दुसऱ्या प्रकारात अर्ज नाकारला तर जातोच, शिवाय खोटा कागद दिल्याची नोंद पुढच्या अर्जांना चिकटते.

सावधपणालाही किंमत आहे, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याचे उत्तर द्यायला हवे. रद्द करता येणारे हॉटेल दहा टक्के महाग धरले तर या उदाहरणात 10,800 रुपये जास्त जातात, आणि व्हिसा हातात आल्यावर तिकीट घेईपर्यंत भाडे दहा टक्के चढले तर आणखी 13,000. ही रक्कम कमी करण्याचा मार्ग कार्डात नाही, वेळापत्रकात आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयासाठी नेहमीची मुदत 15 दिवसांची आणि अडचणीच्या प्रकरणात 45 दिवसांपर्यंतची आहे. मे महिन्यातील सहलीसाठी जानेवारीत अर्ज करणाऱ्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तर मिळते, तेव्हा भाडे अजून चढलेले नसते आणि केंद्रावर भेटीची वेळ मिळवण्यासाठी उन्हाळी सुट्टीची झुंबडही नसते. हाच अर्ज एप्रिलमध्ये केला तर सावधपणा खरोखर महाग पडतो, पण तो दोष सावधपणाचा नाही.

विम्याच्या बाबतीत रूढ सल्ला आणखी उघडपणे चुकतो. व्हिसा संहितेप्रमाणे किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते, ते सर्व शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सर्व दिवसांना लागू असावे लागते, आणि त्यात तातडीचे उपचार, रुग्णालयात दाखल होणे व मायदेशी परत आणण्याचा खर्च यावा लागतो. ‘व्हिसापुरता सगळ्यांत स्वस्त विमा काढावा’ असे जे सांगितले जाते, त्यात ही अट पूर्ण होते हे खरे. पण दूतावासाची अट भागवणे आणि आजारपणाचे बिल भागवणे ही दोन वेगळी कामे आहेत. या जोडप्यातील पती रोज रक्तदाबाची गोळी घेतो असे समजा. स्वस्त पॉलिसीत ‘आधीपासून असलेले आजार’ वगळलेले असतात. रोममध्ये त्याला छातीत दुखून दाखल करावे लागले तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते की रक्तदाब केव्हापासून आहे, आणि तो अर्जात लिहिलेला नसेल तर दावा तेथेच अडतो. लिहिलेला असेल तरी जीवघेण्या प्रसंगी त्या आजाराला संरक्षण आहे का, आणि असल्यास किती रकमेपर्यंत, हे पॉलिसीच्या शर्तींतच कळते. साठीपुढील प्रवाशांसाठी अनेक पॉलिसींत खोलीभाडे, शस्त्रक्रिया, अतिदक्षता यांवर वेगवेगळ्या उपमर्यादा असतात, त्यामुळे मुखपृष्ठावरचा मोठा आकडा प्रत्यक्षात मिळत नाही. दाव्यातील पहिली ठरावीक रक्कम, बहुधा 100 डॉलर, रुग्णानेच सोसायची असते, म्हणून दात दुखला किंवा ताप आला अशा लहान बिलांत विम्याकडून काहीच हाती येत नाही. तेवढी रोकड अंदाजपत्रकात वेगळी ठेवावी लागते.

किमान संरक्षणाऐवजी त्याच्या दुपटीचे, आजार उघड नोंदवून घेतलेले संरक्षण निवडले तर दहा दिवसांसाठी दोघांचा हप्ता काही हजारांच्या आतच राहतो. या एका ठिकाणी जास्त पैसे देण्यात काटकसर आहे. व्हिसा नाकारला गेल्याने झालेले तिकिटाचे नुकसान मात्र सामान्य प्रवास विम्यात भरून मिळत नाही; ‘सहल रद्द’ या कलमाखाली मृत्यू, गंभीर आजार अशी नावानिशी दिलेली कारणेच धरली जातात, आणि ‘विमा काढलाय, आता चिंता नाही’ असे म्हणणारे बहुतेक जण हे कलम वाचत नाहीत.

राहिला रोजचा खर्च. दिवसाला 70 युरो ही सरासरी फसवी आहे, कारण पैसे सरासरीने जात नाहीत, गठ्ठ्याने जातात. 14 जानेवारी 2026 पासून लूव्र संग्रहालयाचे तिकीट युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरील पाहुण्यांसाठी 32 युरो झाले आहे. दोघांचे 64 युरो एका सकाळीच जातात. रोमच्या तीन तारांकित हॉटेलात शहराचा कर माणशी रात्रीला 6 युरो, चार रात्रींचे दोघांचे 48 युरो, आणि तो आधी भरलेल्या रकमेत नसतो, हॉटेल सोडताना काउंटरवर मागितला जातो. विमानतळाहून रोमच्या मुख्य स्थानकात नेणारी लिओनार्दो एक्सप्रेस माणशी 14 युरो घेते. म्हणून आधी ठाऊक असलेल्या अशा रकमा वेगळ्या लिहून, उरलेल्या खाण्यापिण्यालाच दिवसाची सरासरी लावावी. तेथे बचतीला जागाही आहे: फ्रान्समधील उपाहारगृहात सेवाशुल्क किमतीतच धरलेले असते, नळाच्या पाण्याची सुरई मागितली तर ती फुकट द्यावी लागते, आणि रोमच्या रस्त्यांवरील नळांचे पाणी पिण्याजोगे असते. घरून चिवडा, चकल्या, थालीपिठाची भाजणी न्यायला हरकत नाही. तूप, पनीर यांसारखे दुधाचे पदार्थ आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाच्या सामानात आणण्यास मनाई आहे.

टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने वा बँकेने उगमापाशी गोळा केलेला आयकर, याचाही खर्चात समावेश करण्याची चूक सर्रास होते. एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीने उदारीकृत प्रेषण योजनेखाली 10 लाखांपर्यंत चलन घेतले तर 1 एप्रिल 2025 पासून फॉरेक्स कार्ड भरताना तो लागत नाही, त्यामुळे या जोडप्याला तो लागणारच नाही. सहल कंपनीच्या पॅकेजवर तो लागतो, पण विवरणपत्रात त्याची वजावट मिळते. तो काही महिने अडकलेला पैसा आहे, गेलेला नाही.

या सगळ्या मांडणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. व्हिएतनामचा एकदाच प्रवेश देणारा ई-व्हिसा 25 डॉलरला घरबसल्या मिळतो, आणि तेथे व्हिसाचा धोका मोठा नसल्यामुळे कार्डाचा प्रश्न खरोखर पुढे येतो: बहुतेक भारतीय फॉरेक्स कार्डांवर तेथील डाँग भरता येत नाही, डॉलर भरावे लागतात, आणि मग प्रत्येक खरेदीला क्रॉस करन्सी शुल्क पडते. युरो भरलेले कार्ड घेऊन पॅरिसहून स्वित्झर्लंडला गेलेल्याचेही तेच होते, कारण तेथे फ्रँक चालतो. सहा महिने शिकायला जाणाऱ्या मुलीच्या बाबतीतही मार्कअपचा एकेक टक्का मोजावा, कारण तिचा खर्च पर्यटकाच्या कित्येक पट असतो. कार्डाचा सल्ला अशा ठिकाणी योग्य आहे. तो पंधरा दिवसांच्या युरोप सहलीला आहे तसा चिकटवला जातो, हा आक्षेप आहे.

म्हणून सहल विकणाऱ्यांनी आपल्या पत्रकावर कोणती रक्कम व्हिसा नाकारल्यास परत मिळणार नाही हे ठळक छापावे, आणि बँकांनी ‘शून्य शुल्क’ लिहिण्याऐवजी त्या दिवशीचा बाजारभाव, युरो भरण्याचा दर आणि उरलेले युरो परत घेण्याचा दर हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी द्यावेत. ते जोवर तसे करत नाहीत, तोवर प्रवाशाने पैसे भरण्यापूर्वी हे आकडे लेखी मागून घ्यावेत, आणि पारपत्रावर व्हिसाचा शिक्का उमटेपर्यंत परतावा नसलेले काहीही विकत घेऊ नये.